थायरॉईडची गाठ आणि सुईची तपासणी : मोठी गाठ सोडून छोट्या गाठीत सुई का टाकतात?

मी नाशिकमध्ये सोनोग्राफी करते. गळ्याची सोनोग्राफी झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसून रिपोर्ट उलटसुलट करून पाहणारे चेहरे मला रोज दिसतात. रिपोर्ट इंग्रजीत असतो, त्यात आकडे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘एफएनएसी करून घ्यावी’, म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासून घ्याव्यात. घरी जाईपर्यंत त्या ओळीचा अर्थ ‘कॅन्सर’ असा होऊन बसतो. मला वारंवार विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं समजायला सोपी जावीत म्हणून एका काकूंची हकिकत मधूनमधून येईल. त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, वैद्यकीय बाजू मात्र तशीच ठेवली आहे.

रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ लिहिलंय. म्हणजे कॅन्सर का?

नाही. नोड्यूल म्हणजे गाठ, एवढंच. थायरॉईड ही गळ्यात श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, फुलपाखरासारखी ग्रंथी आहे आणि तिच्यात गाठी होणं फार साधी गोष्ट आहे. साठीच्या पुढच्या माणसांचे गळे सोनोग्राफीने तपासत गेलं, तर जवळपास निम्म्यांत एखादी तरी गाठ सापडते. शंभर गाठींपैकी कॅन्सरच्या निघतात त्या साधारण पाच ते दहा, मोठ्या रुग्णालयांच्या आकड्यांत पंधरापर्यंत. म्हणून गाठ सापडली की लगेच सुई टाकायची असं आम्ही करत नाही. आधी गाठ दिसते कशी ते पाहतो आणि तिथूनच पुढचं सगळं ठरतं.

आईच्या गळ्यात दोन गाठी आहेत. डॉक्टर मोठी सोडून छोट्या गाठीत सुई टाकायला सांगतात. काही चुकलंय का?

बहुतेक चुकलेलं नसतं. हाच प्रश्न सिन्नरकडच्या त्या काकूंच्या मुलीने मला विचारला होता.

काकू बावन्न वर्षांच्या. लग्नाच्या फोटोत त्यांच्या गळ्याची उजवी बाजू फुगलेली दिसली आणि मुलीने आग्रहाने त्यांना आणलं. टीएसएच २.४, म्हणजे नॉर्मल. सोनोग्राफीत उजवीकडे ३२ मि.मी.ची गाठ होती, फोटोत दिसत होती ती हीच. डावीकडे आणखी एक होती, १२ मि.मी.ची, हाताला अजिबात न लागणारी. मी रिपोर्टमध्ये उजव्या गाठीला सुईची गरज नाही आणि डाव्या गाठीत सुई टाकावी असं लिहिलं. मुलगी म्हणाली, “मॅडम, डावं-उजवं बदललं तर नाही ना?”

बदललं नव्हतं. उजवी गाठ आतून भिजवलेल्या स्पंजासारखी होती. बारीक बारीक पोकळ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांनी अर्ध्याहून जास्त गाठ व्यापलेली. अशा गाठीत कॅन्सर जवळजवळ कधीच नसतो, मग ती ३२ मि.मी.ची असो की ४०ची. डावी लहान होती, पण तिचं रूप संशय यावा असं होतं. ते कसं, हे पुढच्या प्रश्नात.

टायरॅड्सचे गुण कसे मोजतात?

टायरॅड्स म्हणजे सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून तिला गुण देऊन संशय किती ते ठरवायची पद्धत. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ती मांडली. इतर देशांच्या पद्धतीही आहेत, पण आपल्याकडच्या रिपोर्टात बहुधा हीच दिसते. गाठीच्या पाच गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. परीक्षेच्या उलट, इथे जितके गुण कमी तितकं चांगलं.

पहिली गोष्ट, गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव. नुसतं पाणी असेल किंवा स्पंज असेल तर शून्य, पाणी आणि भरीव भाग दोन्ही असतील तर एक, पूर्ण भरीव असेल तर दोन.

दुसरी, ती पडद्यावर किती काळी दिसते. निरोगी थायरॉईड करडं, उजळ दिसतं, कारण त्यात कोलॉइड नावाच्या द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या भिंतींवरून आवाजाच्या लहरी परत येतात. कॅन्सरमध्ये पेशींची दाटी होते, पिशव्या उरत नाहीत, लहरी कमी परततात आणि गाठ काळपट दिसते. रिपोर्टमध्ये ‘हायपोएकोइक’ लिहितात ते हेच. गाठ आजूबाजूच्या थायरॉईडइतकी किंवा त्याहून उजळ असेल तर एक गुण, काळपट असेल तर दोन आणि गळ्याच्या स्नायूंपेक्षाही काळी असेल तर तीन.

तिसरी गोष्ट आकृती, चौथी कडा आणि पाचवी आतले पांढरे ठिपके. कडा गुळगुळीत असेल किंवा नुसती अस्पष्ट असेल तर शून्य. कडेला कंगोरे असतील, ती वेडीवाकडी असेल तर दोन. गाठ ग्रंथीबाहेर पसरत असेल तर तीन. अस्पष्ट कडेला काहीच गुण नाहीत याचं लोकांना नवल वाटतं. पण साध्या गाठींच्या कडाही पुष्कळदा आजूबाजूच्या भागात विरून गेलेल्या असतात, त्यावरून काही ठरत नाही.

काकूंच्या डाव्या गाठीची बेरीज अशी झाली : भरीव म्हणून २, काळपट म्हणून २, आकृती उभी म्हणून ३, कडा गुळगुळीत म्हणून ०, बारीक ठिपके म्हणून ३. एकूण १०. सात किंवा त्याहून जास्त गुण झाले की गाठ टीआर ५ या सर्वांत वरच्या गटात जाते. उजवी गाठ स्पंज असल्यामुळे तिथे पुढचे गुण मोजायचेच नसतात. शून्य गुण, टीआर १.

गाठ ‘उभी’ आहे म्हणजे काय?

गळ्याचा आडवा छेद पडद्यावर घेतला की गाठीची रुंदी आणि खोली दोन्ही दिसतात. खोली म्हणजे कातडीकडून मणक्याकडे जाणारं अंतर. खोली रुंदीपेक्षा जास्त असेल तर ती गाठ उभी. काकूंच्या डाव्या गाठीची रुंदी होती ९ मि.मी. आणि खोली ११ मि.मी. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण त्याचेच तीन गुण.

साधी गाठ वाढताना जिकडे जागा मिळेल तिकडे, ग्रंथीच्या थरांच्या दिशेने पसरते आणि आडवी राहते. कॅन्सरची गाठ थर ओलांडून वाढू शकते. आणखी एक कारण आहे. प्रोब गळ्यावर दाबला की मऊ गाठ थोडी चपटी होते, कडक गाठ होत नाही.

इथे एक चूक होते, ती सांगायला हवी. हे माप आडव्या छेदातच घ्यायचं असतं. प्रोब तिरका धरला तर आडवी गाठ उभी दिसू शकते आणि तीन फुकटचे गुण चढतात. मला शंका आली तर मी प्रोब पुन्हा सरळ करून माप दोनदा घेते.

पांढऱ्या ठिपक्यांची एवढी भीती का? माझ्या रिपोर्टमध्ये ठिपके आहेत पण डॉक्टर म्हणाले काळजी नाही.

कारण ठिपके दोन जातीचे असतात आणि पहिल्या नजरेला सारखेच दिसतात.

थायरॉईडचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे पॅपिलरी. त्यात पुष्कळदा कॅल्शियमचे अगदी बारीक कण तयार होतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे थरावर थर चढलेले. पडद्यावर ते मिठाचे दाणे सांडल्यासारखे चमकतात आणि त्यांच्यामागे सावली पडत नाही. त्यांना तीन गुण.

दुसरे ठिपके कोलॉइड घट्ट झाल्याचे. त्यांच्यामागे धूमकेतूसारखं एक चमकदार शेपूट दिसतं. ते लांब, नीट दिसणारं असेल आणि ठिपका पाण्याच्या भागात असेल तर गुण शून्य, आणि अशी गाठ बहुधा निरुपद्रवी. तुमच्या डॉक्टरांनी बहुतेक ते शेपूट पाहिलं असावं. जाड, खडूसारख्या चुन्याच्या तुकड्याला एक गुण मिळतो आणि गाठीभोवती कड्यासारखा चुना असेल तर दोन.

खरी अडचण येते ती भरीव भागातल्या अगदी छोट्या शेपटीच्या ठिपक्याची. तो कोणत्या जातीचा हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तो संशयितांतच धरतात. मशीन जुनं असेल किंवा प्रोब कमी फ्रिक्वेन्सीचा असेल तर शेपूट दिसतच नाही आणि साधी गाठ उगाच वरच्या गटात जाऊन बसते.

एवढे गुण असतील तर सरळ सुई टाकायची. आकार कशाला पाहायचा?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नियम असा : सात किंवा जास्त गुणांच्या गाठीत १ सें.मी.पासून सुई. चार ते सहा गुणांच्या, म्हणजे टीआर ४ गटातल्या, गाठीत दीड सें.मी.पासून. तीन गुणांच्या, म्हणजे टीआर ३ गटातल्या, गाठीत अडीच सें.मी.पासून. दोन किंवा कमी गुण असतील तर आकार कितीही असो, संशयापोटी सुई नाही. मोठ्या गाठीचा गिळताना त्रास होत असेल तर तो वेगळा विषय. हे नियम मोठ्या माणसांसाठी आहेत, मुलांच्या गाठीत निर्णय याहून लवकर घेतात.

संशयास्पद असूनही १ सें.मी.खालची गाठ सोडून द्यायची यामागे एक मोठा धडा आहे. दक्षिण कोरियात कॅन्सरच्या तपासणी मोहिमांबरोबर गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये तिथे थायरॉईड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे सापडलेल्या बहुतेक बारीक गाठींनी त्या माणसांना आयुष्यभर काहीच केलं नसतं.

जपानमध्ये कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून दुसरी वाट धरली. १ सें.मी.पर्यंतचा, ग्रंथीत खोल नीट बसलेला पॅपिलरी कॅन्सर सिद्ध झालेल्या लोकांनाही त्यांनी ऑपरेशनऐवजी नियमित सोनोग्राफीचा पर्याय दिला. दहा वर्षांत ज्यांची गाठ ३ मि.मी. किंवा जास्त वाढली असे लोक शंभरात साधारण आठच निघाले. ज्यांची वाढली त्यांचं ऑपरेशन तेव्हा केलं आणि ते बरे राहिले.

म्हणून कोणी ६ मि.मी.ची टीआर ५ गाठ घेऊन आलं आणि मी ‘वर्षाने या’ म्हटलं, तर तो हलगर्जीपणा समजू नका. अर्थात गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला खेटून असेल, किंवा मानेत संशयास्पद अवधाण असेल, तर लहान गाठीतही सुई टाकतो.

गुणांच्या पलीकडे आणखी काय पाहता?

मानेतल्या लसिका गाठी, ज्यांना आपण अवधाण म्हणतो. दोन्ही बाजूंची पूर्ण मान पाहिल्याशिवाय थायरॉईडची सोनोग्राफी संपत नाही. साधं अवधाण चपटं, घेवड्याच्या बीसारखं असतं आणि मधोमध उजळ रेघ असते. ते गोल झालं असेल, रेघ गेली असेल, आत पाणी किंवा बारीक ठिपके असतील, तर त्या अवधाणातही सुई टाकायला सांगतो. तुमच्या रिपोर्टमध्ये मानेतल्या गाठींबद्दल एक शब्दही नसेल तर विचारून घ्या.

आवाज अलीकडे घोगरा झाला असेल, लहानपणी गळ्याला किंवा छातीला रेडिएशन दिलेलं असेल, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल, तर तपासणीला बसल्या बसल्याच सांगा. हे पडद्यावर दिसत नाही.

टीएसएच नॉर्मल आहे, मग गाठ कशी?

टीएसएच ग्रंथीचं काम सांगतो, तिची रचना सांगत नाही. कॅन्सर असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो. एक अपवाद कामाचा आहे. टीएसएच कमी असेल तर ती गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असू शकते, आणि अशा गाठीत कॅन्सर क्वचित सापडतो. तेव्हा सुईआधी थायरॉईड स्कॅन करतात.

पंचवटीतल्या सेंटरने टीआर ४ दिलं आणि कॉलेज रोडच्या सेंटरने टीआर ३. खरं कोणाचं?

दोघंही प्रामाणिक असू शकतात. ‘किती काळी’ आणि ‘कडा कशी’ या दोन गोष्टींत डोळ्याडोळ्यांत फरक पडतो. विशेषतः हाशिमोटो या आजारात सगळी ग्रंथीच काळपट आणि खडबडीत झालेली असते. मग तुलना कशाशी करायची हाच प्रश्न येतो आणि कधी सुजेचे ठिगळ गाठीसारखे दिसतात. फरक एका गुणाचा असतो आणि गट बदलतो. अशा वेळी गटाचा आकडा बाजूला ठेवा आणि पाचही गोष्टींचं वर्णन दोन्ही रिपोर्टांत काय आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. नुसतं ‘टीआर ४’ लिहिलेला आणि वर्णन नसलेला रिपोर्ट मला अपुरा वाटतो.

सुई टाकल्याने कॅन्सर पसरतो असं म्हणतात.

हे मी निफाडपासून सुरगाण्यापर्यंतच्या लोकांकडून ऐकलं आहे. अनेक जण याच भीतीने वर्ष-वर्ष थांबतात. या सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याच्या नोंदी जगभरात अगदी मोजक्या आहेत. रक्त काढतात त्याहून बारीक सुई असते, बहुधा २५ नंबरची. तिच्यामुळे आजार पसरत नाही, उलट न लागणारं ऑपरेशन टळतं.

प्रत्यक्षात काय करतात? दुखतं का?

उशी खांद्याखाली ठेवून मान मागे करायला लावतात. सोनोग्राफीत सुईचं टोक पाहत पाहत ते गाठीच्या भरीव भागात नेतात, काही सेकंद पुढेमागे हलवतात आणि काढतात. असं दोन ते चार वेळा. आलेला थेंब काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्टकडे जातो. सुई आत असताना गिळू नका आणि बोलू नका, कारण गिळलं की अख्खी ग्रंथी वर सरकते. टोचल्याचं दुखणं इंजेक्शनइतकं. नंतर दहा-पंधरा मिनिटं गळा दाबून बसवतात आणि घरी सोडतात. उपाशी यायची गरज नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

‘सॅम्पल अपुरं’ असा रिपोर्ट आला. म्हणजे काही निघालं नाही, बरोबर?

चूक, आणि ही चूक महागात पडू शकते. काकूंचंही असंच झालं होतं. पहिल्या वेळी काचेवर बहुतेक रक्तच आलं. रिपोर्ट ‘बेथेस्डा १’ आला. घरच्यांनी ‘१’ पाहून पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

बेथेस्डा ही सुईचा निकाल सांगायची सहा पायऱ्यांची पद्धत आहे आणि तिची पहिली पायरी ‘सर्वांत चांगली’ अशी नाही. ‘उत्तर देण्याइतक्या पेशी मिळाल्या नाहीत’ असा तिचा अर्थ. प्रत्येकी किमान दहा पेशी असलेले सहा तरी पुंजके दिसले पाहिजेत, तरच पॅथॉलॉजिस्ट मत देतात. चांगली बातमी म्हणजे बेथेस्डा २. पाच म्हणजे कॅन्सरचा दाट संशय आणि सहा म्हणजे कॅन्सरच. तीन आणि चार या मधल्या पायऱ्या अवघड. फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत, पेशींनी गाठीभोवतीचं आवरण फोडलंय का यावर कॅन्सर ठरतो, आणि सुईने आलेल्या सुट्या पेशींत आवरण दिसतच नाही. तिथे पुन्हा सुई, जनुकीय तपासणी किंवा अर्धी ग्रंथी काढून तपासणं असे मार्ग उरतात.

काकूंची सुई दीड महिन्याने पुन्हा केली. या वेळी पॅथॉलॉजिस्ट शेजारीच बसल्या होत्या. पहिली काच लगेच रंगवून पाहून त्यांनी पेशी पुरेशा आहेत असं सांगितलं. निकाल आला बेथेस्डा ६, पॅपिलरी. मानेतलं अवधाण साधं होतं. एवढ्या गाठीला पुष्कळदा अर्धी ग्रंथी काढून भागतं, पण उजवीकडच्या मोठ्या गाठीने काकूंना घास अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून सर्जनशी बोलून त्यांनी पूर्ण ग्रंथी काढायचं ठरवलं. त्यामुळे दोन्ही गाठी तपासल्या गेल्या. डावीत ११ मि.मी.चा पॅपिलरी कॅन्सर, ग्रंथीच्या आतच राहिलेला. उजवी ३२ मि.मी.ची गाठ साधी कोलॉइडची निघाली. काकू आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात.

गोळ्यांनी किंवा काढ्याने गाठ विरघळेल का?

पूर्वी गाठ बारीक करायला थायरॉक्सिन देत. आता टीएसएच नॉर्मल असताना ते देत नाहीत, कारण फायदा थोडा आणि हृदयाला व हाडांना त्रास होऊ शकतो. काढ्याने गाठ गेल्याचं मी पडद्यावर पाहिलेलं नाही. पाण्याच्या गाठी मात्र कधी कधी आपोआप बसतात.

सुई नको, लक्ष ठेवा म्हणाले. परत कधी यायचं आणि वाढली हे कसं कळणार?

टीआर ५ची १ सें.मी.खालची, पण ५ मि.मी. किंवा मोठी गाठ असेल तर पाच वर्षं दरवर्षी. टीआर ४ची १ ते दीड सें.मी.ची गाठ पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. टीआर ३ची दीड ते अडीच सें.मी.ची गाठ पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. पाच वर्षं तशीच राहिली तर तपासण्या थांबवता येतात.

१२ची १३ मि.मी. झाली तर ती वाढ धरत नाहीत. हाताच्या मापात तेवढा फरक पडतोच. लांबी, रुंदी आणि खोली या तीनपैकी किमान दोन मापं २० टक्क्यांनी आणि प्रत्येकी निदान २ मि.मी.ने वाढायला हवीत, किंवा गाठीचं एकूण आकारमान निम्म्याने वाढायला हवं. हे तपासायचं तर जुनी मापं लागतात, तीही तिन्ही. रिपोर्टचा कागद आणि फिल्म दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा आणि शक्यतो त्याच सेंटरला या. दुसरीकडे जावं लागलं तर पिशवी आधी डॉक्टरांच्या हातात द्या, मग टेबलावर झोपा.